यंदा कोया फेकू नका

बाळांनो,

परीक्षा संपल्या असतील. दप्तरं खुंटीला टांगली असतील. म्हणून आम्ही दोघं, दादा आणि दादी, तुम्हाला हे बोलावणं पाठवत आहोत. तुमच्या अब्बूंना फोनवर विचारलं तर ते म्हणाले, "बघतो." मोठी माणसं "बघतो" म्हणाली की सुटी संपते, हे आम्हाला माहीत आहे. तेव्हा या वेळी थेट तुम्हालाच लिहितो.

मे महिन्याच्या शेवटी या. थोडं आधी आलात तरी चालेल, पण उशीर करू नका. कारण आपल्या मळ्यातल्या शेप्याला पाड लागायची वेळ तीच असते.

शेप्या म्हणजे कोण, हे थोरलीला आठवत असेल. मधला विसरला असेल. धाकटीने तर त्याला पाहिलेलंच नाही. शेप्या हे आपल्या आंब्याच्या झाडाचं नाव. त्याच्या रसाला शेपूच्या भाजीसारखा वास येतो, म्हणून शेप्या. पूर्वी आपल्या धुऱ्यावर पाच झाडं होती. शेंदऱ्या होता, तो शेंदरासारखा लाल व्हायचा. गोटी होती, तिची फळं एवढीशी. खोबऱ्या आणि केळ्या होते. ही सगळी गावरान झाडं. त्यांची फळं कापायची नाहीत, हाताने मऊ करायची, देठ काढायचा आणि चोखायची. हात कोपरापर्यंत माखले तर दादी रागावत नाही.

आता पाचांपैकी दोनच झाडं उरली आहेत, शेप्या आणि गोटी. शेप्या दादांच्या अब्बांनी लावला होता. तो म्हातारा झालाय. त्याच्या खोडात भिरूड नावाची अळी शिरली आहे. ती आतून लाकूड खाते आणि छोट्या भोकातून भुसा बाहेर टाकते. बुंध्याशी लाकडाचा भुसा पडलेला दिसला की समजायचं, आत भिरूड आहे. दादा तारेने अळी काढतात, भोकात औषध घालून वरून चिखलाने लिंपतात. तरी एक मोठी फांदी वाळलीच.

तुम्ही म्हणाल, त्यात काय, शेप्याची कोय पेरा, नवा शेप्या उगवेल. इथेच तर गंमत आहे. कोयीतून झाड येतं, पण ते शेप्याच असेल असं नाही. फुलावर माशा बसतात, एका झाडाचं पराग दुसऱ्यावर नेतात. म्हणून कोयीतलं झाड हे लेकरासारखं असतं. थोडं आईसारखं, थोडं बापासारखं, थोडं स्वतःसारखं. धाकटीचं नाक दादीसारखं असलं म्हणून ती दादी होते का? तसंच. शेप्या गेला तर ती चव गावातून गेली.

मात्र एक उपाय आहे. त्याला कोय-कलम म्हणतात. त्यासाठीच तुम्ही हवे आहात.

आधी आंबे उतरवू. झाडावरचं एखादं फळ आपोआप पिकून पडलं की त्याला पाड म्हणतात. पाड पडला आणि आंब्याचे खांदे देठापेक्षा वर आले, की फळ तयार झालं. मग दादा झेल्याने एकेक आंबा देठासकट काढतील. तुम्ही खाली उभे राहून ते घ्यायचे, पण चीक अंगाला लागू द्यायचा नाही, कातडी भाजते. चीक गळून गेला की आतल्या खोलीत माच लावायचा. तुमच्या पुण्याकडे त्याला आढी म्हणतात. खाली गव्हाचं काड, वर आंबे, पुन्हा काड, पुन्हा आंबे. आठ-दहा दिवसांत खोलीभर वास सुटतो. रोज सकाळी एकाने हात घालून नासका आंबा शोधायचा. एक नासला तर शेजारच्यांना नासवतो. हे काम मधल्याचं, त्याचं नाक तिखट आहे.

पहिल्या आंब्यांवर फातेहा होईल. मग तुम्ही टोपली घेऊन गल्लीत वाटे द्यायला जायचं. शेजारच्या काकूंच्या घरी आधी, कारण त्यांच्या घरून आपल्याकडे दरवर्षी कुरडया येतात. नंतर आपण रस आणि शेवया खाऊ.

आता मुख्य गोष्ट. माचाची वाट न पाहता, झाडावरच पिकलेल्या पाडाच्या कोया तुम्ही फेकायच्या नाहीत. नीट धुवायच्या आणि पाण्याच्या बादलीत टाकायच्या. तरंगेल ती पोकळ, ती सोडून द्या. बुडेल ती ठेवा. पण उन्हात वाळवू नका, कोय फार दिवस कोरडी राहिली तर उगवत नाही. विहिरीजवळच्या सावलीत दादांनी वाफा केलाय. त्यात कोय ठेवताना तिची फुगीर पाठ वर आणि पोट खाली. वर माती, रोज थोडं पाणी. चिखल करायचा नाही, कोय सडते. सगळ्या उगवणार नाहीत, म्हणून निदान वीस तरी लावू.

दोन-तीन आठवड्यांत तांबूस कोवळे कोंब येतील. तोपर्यंत तुमची शाळा सुरू झालेली असेल. पुढचं काम आमचं. पाऊस लागला की दादा शेप्याच्या शेंड्याची पेन्सिलीएवढी काडी आणतील. आठ-दहा दिवस आधीच तिची पानं छाटून ठेवतील, म्हणजे डोळा फुगतो. मग कोवळं रोप कोयीच्या थोडं वर कापायचं, मधोमध चीर द्यायची, काडीला पाचरीसारखं तासून त्यात बसवायचं आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने बांधायचं. खाली तुमच्या कोयीची मुळं, वर शेप्याची काडी. काडी काळी पडली तर कलम गेलं. हिरवी राहिली आणि डोळा फुटला, तर तो शेप्याच, पुन्हा लहान झालेला. चार-पाच वर्षांत फळं धरतो. धाकटी तेव्हा पाचवी-सहावीत असेल.

आणि दादांनी ऐंशी उन्हाळे पाहिले आहेत. कलमाला पाणी घालणारं कुणी तरी ओळखीचं हवं. पैगंबर साहेबांनी सांगितलं आहे की, कुणी झाड लावलं आणि त्याचं फळ माणसाने, पाखराने किंवा जनावराने खाल्लं, तर तो त्याच्यासाठी सदका ठरतो. शेप्यावर पोपट किती येतात ते पाहायला या, म्हणजे दादांच्या अब्बांच्या नावावर किती जमा झालं ते कळेल.

तुमच्या अम्मीला उन्हाची काळजी आहे. ती बरोबर आहे. आपल्या यवतमाळात मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर जातो. म्हणून नियम सांगतो. फजरच्या अजानला उठायचं आणि मळ्यात जायचं. दहा वाजता घरी. मग पाच वाजेपर्यंत दाराबाहेर पाऊल नाही. दुपारी माठाचं पाणी, कैरीचं पन्हं आणि दादीच्या गोष्टी. रात्री अंगणात खाटा.

रस्ता असा. रेल्वेने धामणगावला उतरा. तिथून एसटीने यवतमाळ, मग दारव्ह्याची एसटी. आमच्या लहानपणी मूर्तिजापूरहून यवतमाळपर्यंत शकुंतला नावाची छोटी गाडी दारव्ह्यावरून धावायची. ती आता बंद आहे, तेव्हा तिची वाट पाहू नका. दारव्ह्याच्या स्टँडवर दादा छत्री घेऊन उभे असतील.

येताना टोप्या आणा, जुने कपडे आणा, कारण आंब्याचा डाग निघत नाही. तिकीट काढलं की आम्हाला कळवा. अब्बू "बघतो" म्हणाले तर त्यांना आठवण द्या की गोटीच्या झाडावरून ते दोनदा पडले होते, आणि दोन्ही वेळा हातातला आंबा त्यांनी सोडला नव्हता.

तुमचे,
दादा आणि दादी