सहाविरुद्ध बारा

कोल्हापुरी चपलांच्या एका व्यापाऱ्यासाठी मी इन्स्टाग्रामवर दोन जाहिराती लावल्या होत्या. पहिलीत कापशी चपलेचा स्वच्छ फोटो होता, तर दुसरीत कारागीर चामड्याची वेणी विणतानाचा १५ सेकंदांचा व्हिडिओ. किंमत, मजकूर आणि विक्रीचं पान दोन्हींना एकच. तिसऱ्या दिवशी सकाळीच मालकांचा फोन आला. "सर, व्हिडिओवाल्या जाहिरातीला दुप्पट ऑर्डरी आल्यात. फोटो बंद करा आणि सगळे पैसे व्हिडिओवर टाका."

हिशेबासाठी आकडे थोडे गोल करून सांगतो. दोन्ही जाहिरातींवरून प्रत्येकी २०० माणसं पानावर आली होती. फोटोवरून ६ ऑर्डरी, व्हिडिओवरून १२. एकीकडे ३ टक्के, दुसरीकडे ६. टक्क्यांत बघितलं की निकाल लागल्यासारखा वाटतो. पण टक्क्यांमुळे मूळ संख्या नजरेआड होते, आणि इथे मूळ संख्या आहे फक्त १८.

मी मालकांना म्हटलं, "एक रुपया काढा आणि अठरा वेळा उडवा." समजा, दोन्ही जाहिराती अगदी सारख्याच ताकदीच्या आहेत. मग प्रत्येक ऑर्डर या बाजूची की त्या बाजूची, हे छापा-काट्यासारखंच ठरणार. साधं नाणं १८ वेळा उडवलं, तर १२-६ किंवा त्याहून एकतर्फी वाटणी १०० पैकी सुमारे २४ खेपांना होते. म्हणजे काहीही फरक नसताना चारातल्या जवळजवळ एका चाचणीत आपल्याला असा 'विजेता' दिसेल. संख्याशास्त्रात याच २४ टक्क्यांना पी-मूल्य म्हणतात. ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९२५ च्या पुस्तकात सोयीची म्हणून वापरलेली ५ टक्क्यांची रेषा आजही रूढ आहे. आमचे २४ टक्के त्या रेषेपासून फार लांब होते.

इथे एक गैरसमज हमखास होतो. पी-मूल्य २४ टक्के म्हणजे व्हिडिओ सरस असण्याची शक्यता ७६ टक्के, असा अर्थ होत नाही. फरक नाही असं धरलं, तर असे आकडे किती वेळा दिसतील, एवढंच ते सांगतं. 'हे आकडे दिसले, तर फरक असण्याची शक्यता किती' हा वेगळा प्रश्न आहे. 

मालकांना मी कागदावर करता येईल असा एक हिशेब दिला. दोन्हीकडे माणसं सारखी आलेली असतील आणि ऑर्डरींचं प्रमाण कमी असेल, तर एकूण ऑर्डरींचं वर्गमूळ काढायचं आणि त्याची दुप्पट करायची. दोन जाहिरातींतला फरक त्याहून मोठा असेल तरच त्याला फरक म्हणायचं. १८ चं वर्गमूळ साधारण सव्वाचार, दुप्पट साडेआठ. आमचा फरक होता ६. हीच वाटणी ६० आणि १२० अशी असती, तर १८० च्या वर्गमुळाची दुप्पट सुमारे २७ आणि फरक ६०. तेव्हा मी स्वतःच फोटो बंद केला असता.

मग किती थांबायचं? ते चाचणी सुरू करण्याआधीच ठरवायचं असतं. ३ टक्क्यांवरून खरोखर ६ टक्के होत असतील, तर तो फरक पाचपैकी चार वेळा पकडायला दोन्हीकडे प्रत्येकी सुमारे ७५० माणसं लागतात. फरक ३ वरून ४ चाच असेल, तर प्रत्येकी ५,००० पेक्षा जास्त. फरक जितका बारीक, तितकी गर्दी मोठी लागते. छोट्या दुकानाला एवढी माणसं परवडत नसतील, तर रंग किंवा मथळ्यासारखे किरकोळ बदल तपासूच नयेत. ज्यांचा परिणाम मोठा असू शकतो, अशाच दोन वेगळ्या कल्पना समोरासमोर लावाव्यात.

आणि ठरलेला आकडा होईपर्यंत मध्येच निकाल जाहीर करायचा नाही. रोज आकडे बघायचे आणि ५ टक्क्यांची रेषा ओलांडली की थांबायचं, अशी बहुतेकांची सवय असते. पण समान टप्प्यांवर नुसतं पाच वेळा डोकावलं, तरी चुकीचा विजेता निवडण्याची शक्यता ५ वरून सुमारे १४ टक्क्यांवर जाते. शिवाय जाहिरातीची यंत्रणाही हीच घाई करते. एकाच संचात दोन जाहिराती ठेवल्या, तर सुरुवातीला जिच्याकडे चार क्लिक जास्त, तिच्यावरच यंत्रणा पैसे ओतते आणि तुलना तिथेच बिघडते. म्हणून माणसांची समान आणि यादृच्छिक विभागणी करणारी ए/बी टेस्ट वेगळी लावावी लागते. ती पूर्ण आठवड्यांच्या मापानं चालवावी, कारण रविवारचं गिऱ्हाईक आणि मंगळवारचं गिऱ्हाईक सारखं नसतं.

मालक थांबले. प्रत्येकी ८०० माणसं झाली, तेव्हा फोटोच्या ३१ ऑर्डरी होत्या आणि व्हिडिओच्या ३४. तिसऱ्या दिवशीची दुप्पट विरून गेली होती. व्हिडिओ दुप्पट विकतो असं मानून दिवाळीचा सगळा खर्च तिकडे वळवला असता, तर तो निर्णय अठरा नाणेफेकींवर उभा राहिला असता.

तेव्हा तुमच्यासमोर कुणी 'दुप्पट', 'तिप्पट' असे आकडे ठेवले, तर आधी एवढंच विचारा: एकूण ऑर्डरी किती?