कासोटा

आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, अंधारात लुगडं नेसायच्या. पहाटे चारला उठायचं, न्हाणीत अंघोळ करायची आणि दिवा न लावता बाहेर यायचं ते नेसूनच. मी नवीन लग्न होऊन माण तालुक्यात आले तेव्हा मला त्याचं फार नवल वाटायचं. मी सहावारी नेसणारी, तीही आरशासमोर आणि दोनदा सोडून. नऊवारी मी त्यांच्याकडूनच शिकले. शिकले ती हौस म्हणून. पुढे त्यावर घर चालेल असं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मीच हसले असते.

त्यांची शिकवायची पद्धत म्हणजे बोलायचं कमी आणि चुकलं की हातावर चापट. लुगडं पाठीमागून घेऊन दोन्ही टोकं पुढं आणायची. एक बाजू आखूड, दुसरी लांब. बेंबीशी दोन्ही काठांची गाठ मारायची. आखूड बाजू दोन पायांमधून मागं न्यायची, तिच्या काठाच्या चुण्या करायच्या आणि मागं कमरेत खोचायच्या. तो कासोटा. मग लांब बाजूचा पदर कमरेभोवती फिरवून खांद्यावर टाकायचा आणि मध्ये जे कापड उरतं त्याच्या निऱ्या करून पुढं खोचायच्या. सांगायला एवढंच आहे. पण आखूड बाजू किती आखूड ठेवायची यातच सगळी मेख असते. बाई उंच असेल तर ती वाढते, आणि मग पदराला कमी पडतं. आठ मीटरच्या आसपास कापड असतं, तरी ते पुरवून वापरावं लागतं.

पहिल्यांदा मी दुसऱ्याला नेसवली ती चुलत नणंदेला, तिच्या लग्नात. आत्याबाईंचं इरकल सुती होतं, वापरून मऊ पडलेलं. एकदा मारलेली गाठ रात्रीपर्यंत हलायची नाही. नणंदेचा शालू रेशमी आणि कोरा. गाठ मारली की दोन मिनिटांत सैल. शेवटी परकराची नाडी काढून कमरेला बांधली आणि गाठीच्या दोन्ही बाजूंचं कापड तिच्यावरून आत दुमडलं, तेव्हा कुठं ते थांबलं. आजही मी रेशमी साडीला आधी नाडी बांधते आणि मगच गाठीला हात लावते. आत खोचायला नाडीच नसेल तर दहा पिना लावूनही उपयोग नाही. पिनांचं वजन वाढतं आणि जरीचे धागे ओढले जातात ते वेगळंच. पिनेखाली कागदाची छोटी घडी ठेवली तर कापडाला भोक पडत नाही, हे मात्र मी एका महागड्या पैठणीचा काठ खराब करून शिकले.

त्या लग्नानंतर बोलावणी यायला लागली. मोबदला म्हणजे खण, नारळ आणि जेवण. चार वर्षं मी तशीच गेले. पुढं आमच्या विहिरीचं पाणी आटलं, मोसंबीची झाडं वाळली, आणि मी पहिल्यांदा तोंड उघडून दोनशे रुपये मागितले. मागताना माझी मान खाली होती. समोरची बाई म्हणाली, “काय वं, साडी नेसवायचं बी पैसं?” तरी दिले तिनं.

पण मला सांगायचं आहे ते 2016 सालच्या एका लग्नाविषयी. तालुक्याच्या गावचं कार्यालय, मे महिना, मुहूर्त दुपारी 12 वाजून 35 मिनिटांचा. हळद आणि लग्न एकाच दिवशी. सातशे रुपये ठरले होते. त्यात नवरीला हळदीची सहावारी, मग लग्नाची नऊवारी, केस आणि मेकअप. “अन् दोन-चार बायका हायत्या घरच्या, त्यांचं बी बघा,” असं नवरीचे चुलते फोनवर म्हणाले होते. मी ‘बरं’ म्हणून बसले.

मुहूर्ताच्या लग्नात वेळ उलटी मोजावी लागते. 12.35 ला अक्षता, म्हणजे साडेअकराला नवरी गौरीहरापाशी बसायला तयार पाहिजे. केसांना पाऊण तास, चेहऱ्याला पाऊण तास, नऊवारीला चाळीस मिनिटं आणि दागिन्यांना दहा-पंधरा. म्हणजे उशिरात उशीर नऊ वाजता ती अंघोळ करून माझ्या हाती यायला हवी. त्याआधी हळद, आणि हळदीच्याही आधी घरच्या बायका. म्हणून मी रात्रीच तिच्या पदराच्या निऱ्या घालून, इस्त्री फिरवून, कपडे वाळत घालायचे चिमटे लावून पदर हँगरला टांगून ठेवला होता. सकाळी आमच्याकडं लाइट असेल याचा भरवसा नसतो. साडेतीनला उठले. पहिली एसटी सहाची, तिचा काय उपयोग? यांनी मोटरसायकलवर आणून सोडलं. सव्वापाचला मी कार्यालयाच्या गेटावर होते. वॉचमन झोपलेला होता.

खोलीत गेले तर दोन-चार नव्हे, सात बायका साड्या काखेत घेऊन बसलेल्या. एका सहावारीला मला दहा-बारा मिनिटं लागतात. सात जणींत सव्वा तास गेला. तेवढ्यात दुसऱ्या गाडीतून आणखी पाहुण्या उतरल्या. नवरीची मामी, तिच्या दोन सुना, शेजारीण. “माझी बी जरा बघ की गं, तुला काय, हातचा मळ.” नाही म्हणायची मला सवय नव्हती. हळद लांबली, न्हाणीघरात पाणी संपलं, टँकर यायला अर्धा तास गेला. मी मोजत होते, एकूण चौदा साड्या झाल्या. नवरी माझ्यासमोर बसली तेव्हा घड्याळात दहा वीस झाले होते.

केस मी साधे घेतले, अंबाडा आणि गजरा. मेकअप अर्ध्यावर आटोपला. गौरीहराची पूजा तिनं अजून सहावारीतच उरकली. नऊवारी नेसवायला हातात वीस मिनिटं उरली आणि बाहेरून तिचे चुलते दार वाजवत होते. एरवी मी आखूड बाजू मोजून घेते. कमरेपासून घोट्यापर्यंत खाली आणि तिथून मागं पुन्हा कमरेपर्यंत वर, त्यावर एक वीत जास्त. ती वीत बसण्यासाठी असते. माणूस मांडी घालून बसलं की मागचं कापड ताणलं जातं, आणि ती वीत नसेल तर कासोटा कमरेतून ओढला जातो. त्या दिवशी मी नजरेनंच अंदाज घेतला. नवरी उभी होती, उभ्यानं सगळं छान दिसत होतं. मुंडावळ्या बांधल्या आणि ती गेली.

अक्षता पडल्या. मी भिंतीला टेकून चहा घेत होते. कन्यादानाला ती पाटावर बसली आणि विधी होऊन उठली तेव्हा मागचा कासोटा पूर्ण सुटून खाली आला. करवलीनं पटकन शाल धरली, दोघी-तिघींनी आडोसा केला. मी मांडवातून पळत गेले. तिथंच, भटजी थांबलेले आणि व्हिडिओवाल्याचा दिवा तोंडावर, मी कासोटा परत खोचला आणि दोन मोठ्या पिना लावल्या. पोरगी रडत नव्हती. तिनं फक्त माझा हात घट्ट धरला होता, तिची नखं लागली. त्या नखांचं मला आजही आठवतं.

निघताना चुलत्यांनी पाचशे दिले. “घोटाळा केलासा,” म्हणाले. दोनशे कापले ते मी मागितले नाहीत. चौदा साड्यांचं मीही काही बोलले नाही. चूक माझीच होती, पण ती वीस मिनिटांत झाली होती, आणि माझे दोन तास कुठं गेले ते त्यांना माहीत नव्हतं.

घरी येऊन आत्याबाईंना सांगितलं. त्या शेंगा फोडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, “उभ्या बाईला नेसवलंस व्हय? आगं, तिला बसायचं हुतं.” बाकी काही नाही.

तेव्हापासून नवरीला नेसवून झाली की मी तिला जमिनीवर मांडी घालायला लावते, पुढं वाकायला लावते आणि हात न टेकता उठायला लावते. तीनदा. कासोट्याच्या चुण्या जागच्या हलल्या तर सगळं सोडून पुन्हा. गाठीखाली माझी दोन बोटं जातात का तेही बघते, कारण घाबरून घट्ट बांधण्याची चूक मी त्यानंतरच्या दोन लग्नांत केली. एक पोरगी मंगलाष्टकांच्या वेळी घामाघूम झाली होती. तिला विचारलं तेव्हा कळलं की सकाळपासून ती पाणीच प्यायली नव्हती. का, तर नऊवारी सोडून लघवीला कसं जायचं हा प्रश्न. तेव्हा आता नेसवण्याआधी नवरीला जाऊन यायला सांगते, आणि करवलीला कासोटा सोडायचा आणि परत खोचायचा कसा ते दोनदा करून दाखवते. शिवलेली नऊवारी घालणाऱ्या मुलींना ही कटकट नाही हे खरं आहे. चुलत्यांसारखे लोक मला तेच ऐकवतात, भाड्यानं तयार मिळते म्हणून. मिळते की. पण ती कमरेला एकाच मापाची असते, आणि आजीच्या शालूला कात्री लावायला पुष्कळ घरांत मन होत नाही.

पैशाचंही बदललं. आता इसार घेते, निम्मा. नवरीचे, म्हणजे दोन्ही साड्या, केस आणि मेकअप मिळून, तीन हजार. बाकी बायकांची सहावारी दीडशे, नऊवारी तीनशे, आणि नावांची यादी आदल्या दिवशी. पंधरा किलोमीटरच्या पुढं पेट्रोल वेगळं. सकाळी साडेआठनंतर नवरीशिवाय कुणाचीही साडी हातात घेत नाही, मग मामी असो की आमदारीणबाई. यादी लिहायला सांगितली की गंमत होते. फोनवरच्या दोन-चारच्या नऊ होतात, आणि पैसे ऐकले की नऊच्या पाच. त्या पाच जणींना मात्र मी नीट वेळ देते.

मागच्या वर्षी वैशाखात अशीच एक यादी आली. सहा नावं. चुलती, मामी, दोन आत्या, दोन करवल्या. पहाटे काम सुरू केलं. सहाही झाल्या तरी एक बाई दारापाशी भिंतीला लागून उभी होती, हातात घडी घातलेली साडी, फिकट जांभळी. काही बोलत नव्हती. मला वाटलं कामाला आलेली असेल. मी विचारलं, “तुम्ही कोण वं?” तर नवरीच आतून म्हणाली, “आई हाय माझी.” नवरीचे वडील दोन वर्षांपूर्वी वारले होते. यादी दिराने केली होती.

घड्याळात आठ पंचवीस झाले होते. मी तिला आत बोलावलं. पदर खांद्यावर लावताना ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, “साधीच नेसवा, मला कुठं मिरवायचंय.” निऱ्या मी सातच घातल्या, बारीक आणि सरळ. तिला पण बसायला आणि उठायला लावलं, सवयीनं. ती हसली तेव्हा. सहावारीला त्याची गरज नसते.

हिशेबाच्या वहीत मी सातवं नाव लिहिलं आणि पुढं दीडशे मांडले. दिराला दाखवलं. त्यानं वही दोनदा वाचली आणि सगळे पैसे दिले.