वय नव्हे, जन्मसाल

फिलाडेल्फियात भाषाविज्ञान शिकताना मी शहराच्या दक्षिण भागातल्या एका आजींची आणि त्यांच्या नातीची मुलाखत ध्वनिमुद्रित केली. दोघींचा जन्म तिथलाच. नातीने सहलीत दिसलेल्या सापाचा किस्सा सांगितला. नंतर हेडफोन लावून ऐकताना तिचं 'स्नेक' मला 'स्नीक' वाटलं. आजींचा 'ए' मात्र जागच्या जागी होता.

व्यंजनाआधीचा 'ए' या शहरात 'ई'कडे सरकतोय, हे विल्यम लबॉव्ह यांनी 1970च्या दशकात टिपलं होतं. मी 'प्राट' या प्रोग्रॅममध्ये शहरातल्या इतरांच्या मुलाखतींतलाही एकेक स्वर मोजत गेले. जीभ जितकी वर, तितका स्वराचा पहिला फॉर्मंट खाली. स्त्री-पुरुषांच्या स्वरमार्गाची लांबी वेगळी, म्हणून आकडे आधी एका मापावर आणले. मग आलेख काढला. जन्मसाल जितकं अलीकडचं, तितका 'ए' वर.

माणसाचे उच्चार तरुणपणी बरेचसे पक्के होतात, असं धरलं तर आजी तिच्या तरुणपणाचं शहर ऐकवते आणि नात आजचं. एकाच वेळी वेगवेगळ्या वयाची माणसं ऐकून भाषेतला बदल ओळखायचा, तो याच भरवशावर. पण नातही म्हातारपणी आजीसारखीच बोलू लागली तर? मग तो वयाचा परिणाम झाला, भाषेतला बदल नव्हे.

एका वेळच्या ध्वनिमुद्रणातून हा पेच सुटत नाही. इथे जुन्या फिती कामी आल्या. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी 1973 पासून अनेक वर्षं या शहरात मुलाखती घेतल्या. 1948 साली जन्मलेली बाई 1973 मध्ये पंचविशीची, 2008 मध्ये साठीची. परिणाम वयाचा असेल, तर दोन्ही काळांतल्या पंचविशीच्या लोकांचा 'ए' सारखा निघायला हवा. तसं होत नाही. नंतरच्यांचा वर गेलेला असतो. उच्चार जुळतात ते जन्मसालाशी. म्हणजे बदल खरा आहे.

तरी ही पद्धत बेतानेच वापरावी. माँट्रियलच्या फ्रेंचमध्ये 'र' जिभेच्या टोकावरून पडजिभेकडे गेला. 1971 मध्ये ऐकलेल्या माणसांना 1984 मध्ये पुन्हा ऐकलं, तेव्हा बहुतेकांचा 'र' तसाच होता, पण काहींनी मोठेपणी नवा 'र' उचलला होता. अशा वेळी पिढ्यांमधलं अंतर कमी दिसतं आणि बदलाचा वेग खऱ्यापेक्षा मंद भासतो. फिलाडेल्फियाच्या 'हाउस'मधला स्वर तर काही पिढ्या पुढे सरकत राहिला आणि विसाव्या शतकाच्या मध्यानंतर जन्मलेल्यांत मागे फिरला. 'तरुण' आणि 'वृद्ध' असे दोनच गट केले, तर हे वळण नजरेतून निसटतं.

म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांचा आवाज जपून ठेवणाऱ्यांना माझी विनंती आहे: फाइलच्या नावात जन्मसाल, लहानपणीचं गाव आणि ध्वनिमुद्रणाची तारीख लिहा. नुसतं 'आजी, वय 78' पुढच्या अभ्यासकाला पुरणार नाही.