सौदा 11.38चा, फोन 4.11चा

जळकोटला अण्णांच्या मोबाइलवर संध्याकाळी एनएसईचा मेसेज आला: 400 शेअर्सची खरेदी. अण्णांनी कुणालाच काही सांगितलं नव्हतं. आधीच्या विक्रीचे पैसे लेजरला पडून होते, तेवढ्यावरच सोलापूरच्या फ्रँचायझीतल्या डीलरने हात मारला होता.

फोन केला तर तो म्हणाला, "काका, भाव वर जाणार आहे, थांबा ना दोन दिवस." थांबलो असतो तर तीच आमची संमती ठरली असती. म्हणून त्याच रात्री ब्रोकरच्या तक्रारींसाठीच्या ईमेलवर कळवलं, की हा सौदा आमच्या सांगण्यावरून झालेला नाही, तो आम्हाला मान्य नाही. नुकसान वाढू नये म्हणून शेअर्स दुसऱ्या दिवशी विकतोय, पण हक्क सोडत नाही, हेही त्यातच लिहिलं. खरेदी 146.50ची, विक्री 139.20ला झाली. 2,920 रुपये गेले, वर दोन्ही वेळची दलाली आणि एसटीटी.

कॉन्ट्रॅक्ट नोट नीट पाहिली. तिच्यावर प्रत्येक सौद्यापुढे ऑर्डर नंबर आणि ऑर्डरची वेळ असते. आमची वेळ होती सकाळी 11.38. त्या वेळी अण्णा सोयाबीनवर फवारणी करत होते आणि त्यांच्या फोनमध्ये सकाळचा एकही कॉल नव्हता.

सेबीच्या मार्च 2018च्या परिपत्रकाप्रमाणे ग्राहकाने ऑर्डर दिल्याचा पुरावा ब्रोकरने ठेवायचा असतो. फोनचं रेकॉर्डिंग, सहीची चिठ्ठी, ईमेल, मेसेज किंवा ऑनलाइन व्यवहाराची नोंद, काहीही चालतं. वाद झाला तर तो पुरावा दाखवण्याची जबाबदारीही ब्रोकरचीच. म्हणून आम्ही डीलरशी हुज्जत घालत बसलो नाही. 11.38च्या आधीचं रेकॉर्डिंग द्या, एवढंच मागितलं.

रेकॉर्डिंग आलं. त्यात एक मुलगी भराभर म्हणते, "सर, आजचे सौदे कन्फर्म आहेत ना?" आणि अण्णा म्हणतात, "बरं बरं." कॉल दुपारी 4.11चा होता. बाजार साडेतीनला बंद होतो. सौदा झाल्यावर घेतलेला होकार म्हणजे सौद्याआधीची ऑर्डर नव्हे.

नेमकं हेच आम्ही सेबीच्या स्कोअर्स पोर्टलवर लिहिलं. सोबत कॉन्ट्रॅक्ट नोट, पहिला ईमेल, ती ऑडिओ फाइल आणि नुकसानीचा हिशेब जोडला. ब्रोकरला उत्तरासाठी 21 दिवसांची मुदत असते. उत्तर पटलं नसतं तर पुढे स्मार्ट ओडीआरवर आधी समेट आणि मग लवाद, अशी वाट होती.

तिथवर जावं लागलं नाही. मुदतीतच नुकसान आणि सगळे खर्च लेजरला जमा झाले. पत्रात लिहिलं होतं, ही रक्कम 'सदिच्छा म्हणून' देत आहोत. ऑर्डर कुणी टाकली, याबद्दल चकार शब्द नव्हता. पत्र वाचून अण्णा म्हणाले, "सदिच्छा कसली? आमचेच पैसे!" आणि खातं बंद करायच्या फॉर्मवर सही केली.