आडव्या रेघेचा हिशेब

जुन्या छापील अहवालांतले तक्ते संगणकावर उतरवणं हे माझं काम. यंदा हाताखाली एक नवी मुलगी आली आहे. तिनं पहिल्याच आठवड्यात विचारलं, "सर, ही रेघ म्हणजे शून्यच ना?" मी "थांब" म्हणालो खरा, पण का थांबायचं ते सांगायला मला बराच वेळ लागला. इतकी वर्षं ते नुसतं सवयीनं होत होतं.

"उ.ना." छापलेलं असेल तिथं प्रश्नच नाही. अडते ती रेघ. रिझर्व्ह बँकेच्या प्रकाशनांत रेघ म्हणजे निरंक किंवा नगण्य, आणि दोन टिंबं म्हणजे उपलब्ध नाही, असं खुणांच्या यादीत दिलेलं असतं. जुन्या पीकतक्त्यांत बहुधा अशी यादीच नसते आणि एकाच पानावर रेघेचे दोन-तीन अर्थ नांदतात.

तिला दाखवलेलं उदाहरण आकडे सोपे करून सांगतो. भुईमुगाखालचं क्षेत्र, चार तालुके: ४१२, रेघ, ३८, १,२०५ हेक्टर. खाली जिल्ह्याची बेरीज १,६५५. तिनं बेरीज करून पाहिली, जुळली. "म्हणजे शून्य!" नाही. बेरीज जुळली याचा अर्थ इतकाच, की छापणाऱ्यानं त्या तालुक्याचं काही धरलं नाही. तिथं भुईमूग नव्हता म्हणून, की तालुक्याचा तक्ता वेळेवर आलाच नाही म्हणून, हे बेरीज सांगत नाही. बेरीज १,७५२ असती तर मात्र ९७ हेक्टर त्या रेघेमागे दडले आहेत असा दाट संशय घेता आला असता. म्हणून आम्ही मागचं आणि पुढचं वर्ष काढलं. त्याच तालुक्यात आधी २१० हेक्टर, नंतर २२५. मधल्या एका वर्षी भुईमूग साफ नाहीसा होऊन परत येईल का? त्याच तालुक्याची इतर पिकंही पाहिली, तिथंही रेघाच. तेव्हा ठरलं: माहिती आली नाही. आणि जिल्ह्याची १,६५५ ही बेरीज तीनच तालुक्यांची आहे, हेही तिथंच नोंदवलं.

एकक हजार हेक्टरचं असेल तर आणखी एक अर्थ येतो. पाचशे हेक्टरांच्या आतलं क्षेत्र पूर्णांकात बसत नाही, म्हणून रेघ. ते शून्य नव्हे, "अर्ध्या एककाहून कमी" आहे.

म्हणून माझ्याकडे एका छापील रकान्याचे तीन रकाने होतात. पहिल्यात मूळ खूण, जशी छापली तशी. दुसऱ्यात आकडा, आणि आकडा नसेल तर रिकामी जागा. तिसऱ्यात कारण: निरंक, नगण्य, अप्राप्त किंवा अनिश्चित. दुसऱ्या रकान्यात शून्य लिहायचं ते कारण "निरंक" ठरल्यावरच. "अनिश्चित" लिहायला लाजू नये, हे तिला बजावून सांगितलं.

काही मंडळी रिकाम्या जागी -९९९ भरतात. मला ते मुळीच पटत नाही. कुणीतरी एक दिवस त्याची सरासरी काढतंच. रिकामी जागाही सुरक्षित नाही म्हणा. एक्सेलमध्ये रिकाम्या घराचा नुसता दुवा दिला की तिथं ० उमटतो. उलट अकाउंटिंगची मांडणी निवडली की खरा शून्य रेघ होऊन दिसतो. पायथनच्या पांडाज् या साधनात सगळ्या रिकाम्या जागांची बेरीज मुकाट शून्य येते. म्हणून फाइल उघडताना सगळं अक्षररूपात वाचायचं आणि बेरजेला अट घालायची:

```
import pandas as pd
t = pd.read_csv("pik.csv", dtype=str,
                keep_default_na=False)
a = pd.to_numeric(t["akda"], errors="coerce")
a.sum(min_count=1)
```

ही अट एकही आकडा नसेल तेव्हाच शून्य अडवते. चारांपैकी तीनच तालुके असतील तर बेरीज येतेच. तिथं तिसरा रकाना वाचावाच लागतो.

मला एका गोष्टीचा गर्व आहे. माझ्या फाइलवरून छापील पान रेघांसकट जसंच्या तसं परत उभं करता येतं. कुणी माझ्या कामाची तारीफ करायला लागलं, की त्यानं मूळ खुणेच्या रकान्याबद्दल बोलावं असं मनापासून वाटतं.

अप्राप्त माहितीचं तक्त्यात काय होतं, हे जनगणनेत फार नीट दिसतं. १९८१ साली आसामात जनगणना झाली नाही, १९९१ साली जम्मू-काश्मीरमध्ये झाली नाही. देशाच्या १९८१ च्या लोकसंख्येत आसामचा अंदाजित आकडा धरलेला आहे, पण ४३.५७ टक्के या साक्षरतेच्या आकड्यातून आसाम वगळलेला आहे. एकच राज्य, एकच वर्ष. एका तक्त्यात अंदाज, दुसऱ्यात पोकळी. हे कळतं ते केवळ तळटीप छापली म्हणून.

तेव्हा तक्ते तयार करणाऱ्यांना माझी विनंती आहे: तक्त्याखाली एक ओळ खर्च करा आणि तुमची रेघ म्हणजे काय ते लिहा.