आधी सिम, मग लॉगआउट

फोन हरवल्यावर सर्वांत आधी सिम बंद करावे लागते. फोनला लॉक असला तरी त्यातले सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालायला मिनिटभरही लागत नाही. मग ‘पासवर्ड विसरलात?’ असे विचारून मागवलेले ओटीपी थेट चोराच्या हातात पडतात. सिमला स्वतःचा पिन असेल तर ही वाट अडते, पण तो फारच थोडे लोक लावतात.

प्रस्तुत लेखिकेचा फोन दादर स्थानकात संध्याकाळच्या गर्दीत पर्समधून गेला. बरोबरच्या मैत्रिणीचे सिम त्याच कंपनीचे होते, म्हणून तिच्या फोनवरून 198 लावता आला. नाव, जन्मतारीख, पत्ता आणि शेवटचे रिचार्ज विचारून झाल्यावर सिम बंद केले गेले. अशा वेळी तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यावा. आपल्या नंबरवर रिंग जात नाही, एवढ्यावरून सिम बंद झाल्याची खात्री होत नाही; चोराने फोन बंद केला असला तरी रिंग जात नाहीच. पुढचा फोन बँकेला करून यूपीआय आणि मोबाइल बँकिंग थांबवले गेले.

सिम बंद झाले तरी फोनमधली खाती उघडीच राहतात, कारण त्यांना वाय-फाय पुरते. इथे एक पेच येतो: परक्या फोनवरून गुगल खात्यात शिरायला गेले, तर ओटीपी त्याच बंद सिमवर जातो. लेखिकेच्या घरच्या लॅपटॉपवर खाते आधीपासून उघडे होते, त्यामुळे काम झाले. तसे नसेल तर आधीच कागदावर उतरवून ठेवलेले बॅकअप कोड उपयोगी पडतात.

लॅपटॉपवरही क्रम सांभाळावा लागतो. android.com/find वरून फोन शोधणे, लॉक करणे किंवा पुसणे हे त्या फोनवर खाते चालू असेपर्यंतच शक्य असते. म्हणून आधी फोन लॉक केला गेला. त्यानंतर myaccount.google.com वर जाऊन उपकरणांच्या यादीतल्या त्या फोनपुढे ‘Sign out’ दाबून पासवर्ड बदलला गेला.

दुसऱ्या दिवशी ओळखपत्र दाखवून त्याच नंबरचे नवे सिम मिळाले. त्यावर व्हॉट्सॲप सुरू करताच जुन्या फोनमधले आपोआप बंद झाले. नव्या सिमवर पहिले 24 तास एसएमएस येत-जात नाहीत. फसवणूक टाळण्यासाठीच हा नियम आहे. त्या काळात ओटीपी आला नाही म्हणजे सिम बिघडले असे नव्हे, आणि व्हॉट्सॲपची पडताळणीही एसएमएसऐवजी कॉलवरून करून घ्यावी लागते.

राहिला हँडसेट. पोलिसांकडच्या तक्रारीची प्रत आणि खोक्यावरचा आयएमईआय क्रमांक घेऊन ceir.gov.in वर अर्ज केला, की तो फोन भारतातल्या नेटवर्कवर चालेनासा होतो. मात्र वाय-फायवर तो चालतच राहतो, त्यामुळे लॉगआउटचे काम यातून भागत नाही. फोन परत मिळाला तर अर्जाचा क्रमांक देऊन तिथूनच तो पुन्हा सुरू करून घेता येतो.