खातें कोणतें?

संस्कृत शास्त्रकार ‘सैंधव’ हा शब्द नेहमीं उदाहरणास घेतात. त्याचा अर्थ मीठहि होतो व घोडाहि होतो. जेवतांना कोणी सैंधव मागितलें तर मीठ द्यावें, प्रवासास निघतांना मागितलें तर घोडा आणावा. शब्द तोच, पण अर्थ प्रसंगावरून ठरतो.

सरकारी अर्जांतील ‘खाते क्रमांक’ हा असाच शब्द आहे. आमच्या धाकट्या बंधूंच्या निधनानंतर भावजयींच्या नांवें पीएम-किसान योजनेचा अर्ज भरावयाचा होता. वर्षाचे ६००० रुपये, दोन दोन हजारांच्या तीन हप्त्यांनीं मिळतात. पुतणसुनेनें पुण्याहून आम्हांस येथें उमापुरास एवढेंच लिहिलें: “काका, खाते क्रमांकांत काय लिहूं?” अर्जाचें चित्र सोबत नव्हतें.

उत्तर देण्यापूर्वीं आम्हीं तिला विचारलें, “सूनबाई, त्या रकान्याचें नांव अक्षरशः वाच, आणि त्याच्या शेजारीं काय आहे तें सांग.” रकाना होता ‘सर्व्हे अथवा खाता क्रमांक’. शेजारीं ‘खसरा अथवा डाग क्रमांक’, नंतर हेक्टरांत क्षेत्र. शेजार जमिनीचा, म्हणून खातेंहि जमिनीचें. शेजारीं बँकेचें व शाखेचें नांव किंवा आयएफएससी असता, तर पासबुकावरील आंकडा लिहावा लागला असता.

जमिनीचा खाते क्रमांक गांव नमुना ८-अ च्या उताऱ्यावर असतो. तो बँकेच्या आंकड्यापेक्षां बराच लहान, व त्या गांवापुरताच असतो. खसरा हा शब्द उत्तरेकडचा व डाग बंगाल-आसामकडचा. सर्व देशास अर्ज एकच, म्हणून हे शब्द आपल्याकडे आले. तेथें आपण सातबाऱ्यावरील गट क्रमांक लिहावा.

खरी मेख क्षेत्राच्या रकान्यांत होती. आमचें खातें सामाईक, तिघां भावांचें मिळून २ हेक्टर ४० आर. बंधूंचा तिसरा हिस्सा ८० आर. वारसनोंदीच्या फेरफारानें तो भावजय व पुतण्या यांच्याकडे निम्मेनिम्म आला. म्हणजे भावजयींचे ४० आर. हेक्टरांत तें ०.४० होतें. सूनबाई ‘४०’ लिहिणार होती, म्हणजे चाळीस हेक्टर! संपूर्ण खात्याचे २.४० लिहिणेंहि तितकेंच चुकीचें, कारण त्यांत दुसऱ्यांचे हिस्से येतात. आपल्याकडे घरोघर एकर बोलतात, त्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें कीं, एक एकर म्हणजे सुमारें ०.४० हेक्टर.

हें सर्व फेरफार मंजूर झाला होता म्हणून जमलें. मृताचेंच नांव उताऱ्यावर राहिलें असेल, तर कोणताहि आंकडा वारसाच्या नांवाशीं जुळणार नाहीं. तेथें आधीं वारसनोंद करावी, मग अर्ज.

तेव्हां वाचकहो, दूरच्या मुलाबाळांचा असा एकओळी प्रश्न आला, तर रकान्याचें पूर्ण नांव, अर्जाचा मथळा, आणि वरचा व खालचा रकाना एवढें आधीं मागवावें. तेवढें न मिळाल्यास अंदाजानें आंकडा सांगूं नये. एक दिवसाचा उशीर परवडतो, पण विधवेचा हप्ता अडकला म्हणजे तालुक्याच्या खेपा तिलाच घालाव्या लागतात.